आज टिपून ठेवलेलं उद्या उघडेल

संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये एखादं सुरक्षित पान उघडा, F12 दाबा आणि सुरक्षेच्या रकान्यात जा. त्या पानाशी झालेली जोडणी कोणत्या पद्धतींनी बंदिस्त केली आहे, ते तिथे एका ओळीत लिहिलेलं असतं. अलीकडे बऱ्याच मोठ्या संकेतस्थळांवर ती ओळ अशी दिसते:

```
TLS 1.3, X25519MLKEM768, and AES_128_GCM
```

पुरेसा मोठा क्वांटम संगणक उभा राहिला तर काय मोडेल, काय टिकेल आणि मोडणाऱ्याच्या जागी काय येत आहे, हे सगळं या ओळीत आहे. X25519 मोडेल. AES_128 टिकेल. मधला MLKEM768 हा नवा भिडू मोडणाऱ्याच्या जोडीला आणून बसवला आहे. चौथा भाग या ओळीत दिसत नाही. तो म्हणजे संकेतस्थळाच्या ओळखपत्रावरची डिजिटल सही. ती आजही जुन्याच पद्धतीची आहे आणि तीही मोडणारी आहे. सगळ्याच संकेतस्थळांवर हा बदल झालेला नाही. पुष्कळ ठिकाणी मधल्या नावात नुसतं X25519 किंवा त्याचं एखादं भावंड दिसतं.

क्वांटम संगणक आला की सगळं एन्क्रिप्शन कोलमडेल, असं सरसकट सांगितलं जातं. ते खरं नाही. कोलमडेल तो एक ठरावीक भाग. पण तो असा आहे की त्याची दुरुस्ती यंत्र येण्याची वाट पाहत थांबवता येत नाही.

दोन वेगळी कामं

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात जाणारा मजकूर प्रत्यक्ष गुप्त करण्याचं काम एईएस करते. यात दोन्ही बाजूंकडे एकच किल्ली असते. १२८ बिटांची, म्हणजे शून्य आणि एक यांची १२८ अंकी रांग. ज्याच्याकडे ती रांग आहे तो मजकूर वाचू शकतो, इतरांना अर्थहीन खिचडी दिसते.

अडचण त्याच्या आधीच येते. तुमचा ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर यांची आधी कधी भेट झालेली नसते. मग दोघांकडे एकच किल्ली पोहोचणार कशी? मधल्या तारेवर कुणीही कान लावून बसलेलं असू शकतं. हा पेच १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सोडवला. दोन्ही बाजूंनी एकेक गुप्त संख्या मनात धरायची, तिच्यावर गणित करून आलेलं उत्तर उघडपणे पाठवायचं आणि समोरून आलेल्या उत्तरावर आपली गुप्त संख्या पुन्हा चालवायची. दोघांकडे एकच संख्या तयार होते. ऐकणाऱ्याला दोन्ही उत्तरं दिसतात, पण त्यांवरून गुप्त संख्येकडे उलट जाता येत नाही. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी आरएसए आणली. १९८५ मध्ये नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी, एकमेकांशी संबंध न येता, हेच काम लंबवर्तुळी वक्रांवर करता येतं हे दाखवलं. X25519 ही त्या वक्रांच्या घराण्यातली पद्धत. आपण बोलतोय त्या बँकेचाच सर्व्हर समोर आहे, हे पटवणारी डिजिटल सहीसुद्धा याच गणितांवर उभी असते.

या सगळ्यांचा पाया एकच आहे. एका दिशेने सोपं आणि उलट दिशेने अशक्यप्राय असं गणित. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. त्या गुणाकारावरून मूळ संख्या शोधायला मात्र तो झिजतो. २०२० च्या फेब्रुवारीत संशोधकांनी २५० अंकी अशी एक संख्या फोडली. ते काम एकाच प्रोसेसर-गाभ्यावर टाकलं असतं तर सुमारे २,७०० वर्षं लागली असती. नेहमीच्या वापरातली आरएसएची संख्या ६१७ अंकी असते.

शोरची युक्ती

१९९४ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या पीटर शोर यांनी दाखवलं की क्वांटम संगणकाला ही उलट वाट सोपी आहे. क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतो आणि बरोबर ते निवडतो, अशी समजूत रूढ आहे. तसं होत नाही. शोर यांनी केलं ते वेगळं आणि जास्त सुंदर आहे. एक लहान संख्या घेऊन ते हातानेच करून पाहू.

९१ ही संख्या फोडायची आहे असं धरा. एक सोयीचा आकडा निवडा, समजा ३. आता ३ चे घात करत चला आणि प्रत्येक वेळी ९१ ने भागून बाकी लिहा. ३, ९, २७, ८१. पुढचा घात २४३, त्याला ९१ ने भागल्यावर बाकी ६१. पुढे ६१ गुणिले ३ म्हणजे १८३, बाकी १. एक आला की पुन्हा ३, ९, २७ सुरू. म्हणजे दर सहा पायऱ्यांनी बाक्यांची रांग परतते. हे सहाचं आवर्तन हाती आलं की फोडायचं काम जवळपास संपलं. सहाचे निम्मे तीन, आणि ३ चा तिसरा घात २७. त्याच्या एक मागे २६, एक पुढे २८. २६ आणि ९१ यांचा मसावि १३. २८ आणि ९१ यांचा मसावि ७. तेरा साती एक्याण्णव.

मसावि काढायला शाळेतली रीत पुरते आणि प्रचंड संख्यांनाही ती झटपट लागू पडते. कधी आवर्तन विषम निघतं किंवा मसावि निरुपयोगी येतो. तेव्हा ३ च्या जागी दुसरा आकडा घेऊन पुन्हा करायचं. खरी अडचण फक्त आवर्तन शोधण्याची. ६१७ अंकी संख्येत ते आवर्तनही शेकडो अंकी असू शकतं. पायरी-पायरीने चालत गेलो तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही.

क्वांटम संगणक इथेच कामाला येतो. सगळ्या घातांची बाकी तो एका एकत्रित अवस्थेत मांडतो. ती अवस्था तशीच मोजली तर हाती एक यादृच्छिक बाकी येईल, उपयोग शून्य. म्हणून मोजण्याआधी त्या अवस्थेवर फूरिए रूपांतर चालवतात. आवर्तनाशी न जुळणाऱ्या शक्यता त्यात एकमेकींना खोडून काढतात आणि जुळणाऱ्या बळावतात. मग मोजल्यावर जी संख्या येते तिच्यातून साध्या गणिताने आवर्तन काढता येतं. थोडक्यात, या यंत्राचं बळ आवर्तन हुडकण्यात आहे. आवर्तन नसेल तिथे ही युक्ती चालत नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीचा धागा हाच आहे.

काय मोडेल, काय टिकेल

आरएसएमध्ये असं आवर्तन दडलेलं आहे. डिफी-हेलमनमध्येही आहे. लंबवर्तुळी वक्रांवरच्या पद्धतींमध्ये ते दोन संख्यांत मिळून पसरलेलं असतं, पण असतं. म्हणून या तिन्ही घराण्यांतली किल्ली ठरवण्याची आणि सही करण्याची प्रत्येक पद्धत शोरपुढे पडते. किल्ली दुप्पट लांब केली तरी फायदा नाही, कारण हल्लेखोराचं काम त्या मानाने थोडंच वाढतं. वक्रांच्या किल्ल्या फक्त २५६ बिटांच्या असल्यामुळे त्या फोडायला २,०४८ बिटांच्या आरएसएपेक्षाही लहान क्वांटम यंत्र पुरेल. आजच्या संगणकांपुढे दोन्ही सारख्याच भक्कम वाटतात. उद्या वक्रच आधी पडण्याची शक्यता जास्त.

एईएसची गोष्ट वेगळी. तिच्यात हुडकण्याजोगं आवर्तन नाही. तिथे फक्त १९९६ मधली लव्ह ग्रोव्हर यांची शोधपद्धत वापरता येते. ती दोनचा १२८ वा घात इतक्या किल्ल्यांमधून बरोबर किल्ली शोधण्याचं काम दोनच्या ६४ व्या घाताइतक्या पायऱ्यांवर आणते. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण या पायऱ्या एकामागून एकच घ्याव्या लागतात. दर पायरीला एक मायक्रोसेकंद लागतो अशी उदार सवलत दिली, तरी एका यंत्राला पावणेसहा लाख वर्षांहून अधिक काळ लागेल. शंभर यंत्रं लावली तर वेग शंभरपट वाढत नाही, दहापटच वाढतो. ज्यांना तरीही धास्ती वाटते त्यांनी २५६ बिटांची एईएस वापरावी. विषय तिथे संपतो. एसएचए-२५६ सारख्या हॅश पद्धतीही अशाच टिकतात.

म्हणून फोनमध्ये किंवा हार्ड डिस्कवर २५६ बिटांच्या एईएसने बंद केलेली फाइल क्वांटम संगणकाने उघडणार नाही, तिची किल्ली जुन्या पद्धतीने कुणाला पाठवलेली नसेल तर. मोडतो तो किल्ली पोहोचवण्याचा आणि ओळख पटवण्याचा भाग.

यंत्र अजून नाही, मग घाई कसली?

आरएसए फोडू शकेल असं यंत्र आज अस्तित्वात नाही. क्यूबिट फार नाजूक असतात आणि सतत चुका करतात. चुका दुरुस्त करत गणित चालवायचं तर एका भरवशाच्या क्यूबिटमागे शेकडो कच्चे क्यूबिट राबवावे लागतात. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या विलो या चिपमध्ये १०५ क्यूबिट होते. २,०४८ बिटांची आरएसए फोडायला किती लागतील याचा २०१९ मधला क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरा यांचा अंदाज होता दोन कोटी कच्चे क्यूबिट आणि आठ तास. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच नवा हिशेब मांडला. दहा लाखांपेक्षा कमी क्यूबिट, आणि आठवड्याच्या आत काम फत्ते. यंत्र तितकं वाढलेलं नाही, पण गरज सहा वर्षांत वीसपटीने खाली आली, ती केवळ चांगल्या गणितामुळे. त्यामुळे आजच्या यंत्राची क्षमता बघून निश्चिंत राहणं शहाणपणाचं नाही.

खरं कारण मात्र वेगळं आहे. आज तारेवरून गेलेला गुप्त मजकूर कुणीही जसाच्या तसा साठवून ठेवू शकतो. त्या साठ्यात जोडणीची सुरुवातही असते, म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडपणे पाठवलेल्या संख्याही असतात. वीस वर्षांनी यंत्र आलं की त्या संख्यांवरून गुप्त संख्या काढायची, तिच्यावरून एईएसची किल्ली आणि किल्लीवरून सगळा मजकूर. एईएस स्वतः न मोडताही उघडी पडते. आणि एकदा साठवला गेलेला मजकूर नंतर कोणतीही दुरुस्ती करून परत झाकता येत नाही.

यातही तारतम्य आहे. आजच्या जोडण्यांमध्ये दर वेळी नव्या गुप्त संख्या घेतल्या जातात. त्यामुळे हल्लेखोराला प्रत्येक जोडणीसाठी यंत्र वेगळं चालवावं लागेल. सुरुवातीच्या महागड्या यंत्रावर तो तुमचा किराण्याचा हिशेब उघडणार नाही. राजनैतिक पत्रव्यवहार, संरक्षणाची कागदपत्रं, एखाद्याचा जनुकीय अहवाल, पत्रकाराला माहिती देणाऱ्याचं नाव, अशा दीर्घकाळ जपायच्या गोष्टींना धोका आहे.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे मिशेल मोस्का यांनी यासाठी एक सोपी बेरीज सांगितली आहे. माहिती किती वर्षं गुप्त राहायला हवी, आणि यंत्रणा बदलायला किती वर्षं लागतील, हे दोन आकडे मिळवा. समजा एका रुग्णालयाला नोंदी १५ वर्षं गुप्त ठेवायच्या आहेत आणि सगळ्या यंत्रणा बदलायला ७ वर्षं लागणार आहेत. बेरीज २२. बदल पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी जी नोंद जुन्या पद्धतीने पाठवली जाईल, तिला आजपासून २२ वर्षांपर्यंत धोका आहे. तोवर यंत्र येणारच नाही, असं छातीठोकपणे सांगता येत नसेल तर त्या रुग्णालयाला आजच उशीर झालेला आहे.

मुद्दाम बिघडवलेली समीकरणं

शोरच्या हाती न लागणारं गणित शोधण्यासाठी अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१६ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले. पहिल्या फेरीत ६९ पद्धती स्वीकारल्या गेल्या. मग कित्येक वर्षं जगभरच्या गणितज्ञांनी त्या मोडून पाहिल्या. १३ ऑगस्ट २०२४ रोजी पहिली तीन मानकं जाहीर झाली. किल्ली ठरवण्यासाठी एमएल-केम, सहीसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए.

एमएल-केमचं मूळ दहावीच्या बीजगणितात आहे. एकसामयिक समीकरणं आपण सगळ्यांनीच सोडवली आहेत. एका समीकरणाला या संख्येने गुणा, दुसऱ्याला त्या संख्येने, वजाबाकी करा, एक चल गळून पडतं. आता त्या समीकरणांच्या उत्तरात मुद्दाम एक-दोनची चूक घालून पाहू.

सगळं गणित ९७ च्या बाकीत करायचं. गुप्त संख्या दोन, क्ष = ५ आणि य = ८. त्यांवरून तीन समीकरणं बनवली. १२क्ष + ३०य चं खरं उत्तर ३०० म्हणजे बाकी ९, पण जाहीर करताना १० लिहिलं. ४१क्ष + ७य चं खरं उत्तर ६७, लिहिलं ६६. २५क्ष + ६०य चं खरं उत्तर २३, लिहिलं २४. ही बिघडवलेली समीकरणं म्हणजे सार्वजनिक किल्ली. ती कुणालाही देता येते.

मला तुम्हाला एक बिट पाठवायचा आहे, शून्य किंवा एक. मी पहिलं आणि तिसरं समीकरण निवडून त्यांची बेरीज करतो. ३७क्ष + ९०य = ३४. बिट १ पाठवायचा असेल तर उत्तरात ९७ च्या निम्मे, म्हणजे ४८ मिळवतो. झाले ८२. मी ३७, ९० आणि ८२ एवढंच पाठवतो. तुम्हाला क्ष आणि य माहीत आहेत. ३७ गुणिले ५ अधिक ९० गुणिले ८ म्हणजे ९०५, बाकी ३२. ८२ वजा ३२ बरोबर ५०. हा आकडा ४८ च्या जवळ आहे, म्हणजे बिट १. मी शून्य पाठवला असता तर ३४ वजा ३२, म्हणजे २ आले असते. ते शून्याच्या जवळ. चुका लहान असल्यामुळे किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला त्यांचा त्रास होत नाही.

ज्याच्याकडे किल्ली नाही त्याचं काय? तो शाळेतली रीत वापरतो. क्ष घालवण्यासाठी पहिल्या समीकरणाला ४१ ने, दुसऱ्याला १२ ने गुणून वजाबाकी करतो. पण गुणाकारात चुकाही गुणल्या जातात. पहिल्यातली एकाची चूक ४१ होते, दुसऱ्यातली १२, आणि वजाबाकीनंतर दोन्ही मिळून ५३. बाकीच ९७ च्या आत फिरत असताना ५३ ची चूक म्हणजे उत्तरात काहीच उरलं नाही.

दोनच चलं असतील तर सगळ्या जोड्या तपासूनही उत्तर मिळतं. एमएल-केमच्या ७६८ या प्रकारात गुप्त संख्या ७६८ असतात, गणित ३,३२९ च्या बाकीत चालतं आणि चुका उणे दोन ते अधिक दोन एवढ्याच असतात. समीकरणांना एक ठरावीक रचना दिल्यामुळे किल्ली लहान राहते. या गणितात शोरला लागतं तसं आवर्तन आजवर कुणालाही सापडलेलं नाही. त्याच्या सुरक्षिततेचा आधार एवढाच आहे.

भरवसा किती ठेवायचा?

'सापडलेलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं सिद्ध झालेलं नाही. निस्टच्या निवडीतच याचा अनुभव आला. साइक नावाची, छोट्या किल्ल्यांमुळे लोकप्रिय झालेली एक पद्धत बरीच पुढे पोहोचली होती. जुलै २०२२ मध्ये बेल्जियमच्या ल्युवेन विद्यापीठातल्या वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी ती फोडली. क्वांटम यंत्राने नव्हे, साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर, सुमारे तासाभरात. एप्रिल २०२४ मध्ये तर बिघडवलेल्या समीकरणांवरच क्वांटम हल्ला सापडल्याचा एक शोधनिबंध आला. आठवडाभर सगळे क्षेत्र श्वास रोखून होतं. मग त्यातल्या एका पायरीत चूक सापडली आणि लेखकाने ती मान्य केली.

म्हणूनच ब्राउझरच्या त्या ओळीत X25519 आणि MLKEM768 एकत्र लिहिलेले असतात. दोन्ही पद्धतींनी वेगवेगळ्या गुप्त संख्या ठरवल्या जातात, त्या एकापुढे एक जोडल्या जातात आणि त्या जोडरांगेतून एईएसची किल्ली काढली जाते. हल्लेखोराला दोन्ही फोडाव्या लागतात. उद्या नव्या गणितात खोट निघाली तरी आज जितकी सुरक्षितता आहे तितकी राहते. निस्टने मार्च २०२५ मध्ये एचक्यूसी ही वेगळ्या गणितावरची पद्धतही राखीव म्हणून निवडली, ती याच सावधगिरीपोटी.

बदलताना अडतं कुठे

एमएल-केम वेगात कमी पडत नाही. अडचण आकाराची आहे. X25519 मध्ये पाठवायची संख्या ३२ बाइटांची. एमएल-केम ७६८ ची सार्वजनिक किल्ली १,१८४ बाइटांची आणि उलट येणारं उत्तर १,०८८ बाइटांचं. इंटरनेटवरचं एक पाकीट साधारण १,५०० बाइटांचं असतं. ब्राउझरचा पहिला निरोप आजवर एका पाकिटात मावत असे, आता तो दोन पाकिटांत जातो. नियमाप्रमाणे यात वावगं काही नाही. पण कचेऱ्यांच्या वाटेवर बसवलेल्या काही फायरवॉल आणि तपासणी यंत्रांनी तो एकाच पाकिटात येणार असं गृहीत धरलेलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये क्रोमने ही जोडपद्धत सरसकट सुरू केली, तेव्हा अशा ठिकाणी पानं उघडेनाशी झाली. याची खूण सहज ओळखता येते. पहिला निरोप गेल्याबरोबर जोडणी तुटते किंवा लटकते, आणि ब्राउझरमध्ये नवी पद्धत बंद केली की तेच पान लगेच उघडतं. इलाज ब्राउझरमध्ये नसतो, मधल्या यंत्राचं सॉफ्टवेअर बदलावं लागतं.

दुसरी अडचण लिहिण्याची. गणित भक्कम असूनही प्रोग्राम कच्चा असू शकतो. एमएल-केमचं पूर्वरूप असलेल्या कायबरच्या काही प्रोग्रामांमध्ये गुप्त संख्येवर भागाकाराची सूचना वापरली होती. काही प्रोसेसरांवर भागाकाराला लागणारा वेळ संख्येनुसार बदलतो. बाहेरून तो वेळ बारकाईने मोजत राहिलं की गुप्त किल्लीचा माग लागतो. भागाकाराच्या जागी ठरावीक वेळेचा गुणाकार घालून ती फट बुजवण्यात आली.

तरीही किल्ली ठरवण्याची बाजू झपाट्याने पुढे गेली आहे. सिग्नलने २०२३ मध्ये, ॲपलने आयमेसेजमध्ये २०२४ मध्ये नवी पद्धत जोडली. सर्व्हर दुरून चालवण्यासाठी वापरला जाणारा ओपनएसएसएच एप्रिल २०२२ पासून अशीच जोडपद्धत आपणहून वापरतो. या बाजूला दोन्ही टोकांचं सॉफ्टवेअर बदललं की काम भागतं.

सहीची बाजू जड आहे. वक्रांवरची सही ६४ बाइटांची असते. एमएल-डीएसएच्या सर्वांत लहान प्रकाराची सही २,४२० बाइटांची आणि सार्वजनिक किल्ली १,३१२ बाइटांची. एक पान उघडताना सर्वसाधारणपणे पाच सह्या आणि दोन सार्वजनिक किल्ल्या तपासल्या जातात. ओळखपत्रावरची, ते देणाऱ्याच्या ओळखपत्रावरची, नोंदवहीच्या दोन आणि या जोडणीपुरती एक. जुन्या हिशेबाने हे सगळं अर्ध्या किलोबाइटमध्ये उरकतं. नव्या हिशेबाने ते सुमारे १४,७०० बाइट होतं, आणि तेही पानातलं पहिलं अक्षर येण्याआधी. एसएलएच-डीएसए फक्त हॅशवर उभी असल्यामुळे सर्वांत विश्वासार्ह मानली जाते, पण तिची लहानात लहान सही ७,८५६ बाइटांची आहे आणि ती करायला वेळही लागतो. यंत्रांच्या मूळ सॉफ्टवेअरवर वर्षातून एखाद्या वेळी सही करायला ती योग्य, दर सेकंदाला हजारो सह्या करणाऱ्या सर्व्हरला नाही. त्यामुळे ओळखपत्रांची रचनाच नव्याने आखण्याचं काम सध्या चालू आहे.

सहीला थोडी सवलत आहे. वीस वर्षांनी तुमच्या बँकेच्या ओळखपत्राची सही बनावट करता आली, म्हणून आजची जोडणी फसवता येत नाही. यंत्र येण्याआधी सह्या बदलल्या की पुरे. निस्टच्या आराखड्यानुसार २,०४८ बिटांची आरएसए आणि तिच्या तोडीच्या पद्धती २०३० नंतर टाळायच्या आहेत आणि २०३५ नंतर जुन्या सार्वजनिक किल्ल्यांच्या पद्धती वापरायच्याच नाहीत.

पण ही सवलत रोजच्या जोडण्यांपुरती आहे, जपून ठेवायच्या कागदांना ती नाही. महाराष्ट्रात आज सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो. करार, ठराव आणि प्रमाणपत्रं डिजिटल सहीने होतात. भारतात कायद्याने मान्य असलेल्या अशा सह्या आरएसए किंवा वक्रांवर उभ्या आहेत. ज्या दिवशी त्या मोडतील त्या दिवसापासून कुणीही २०२० ची तारीख घालून तशीच निर्दोष सही असलेला कागद बनवू शकेल. खरा आणि खोटा यांत सहीच्या गणिताने फरक सांगता येणार नाही. सातबाऱ्याची सरकारी नोंद तरी मुळाशी ताडून पाहता येते. दोन खासगी पक्षांतल्या तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याला तसा आधार नसतो. यावर उपाय आहे. जुनी सही अजून विश्वासार्ह असतानाच त्या सहीसकट अख्ख्या कागदाचा हॅश काढायचा आणि त्यावर नव्या पद्धतीची, तारखेसह सही एखाद्या विश्वासू कालमुद्रा सेवेकडून घ्यायची. मग जुनी सही उद्या मोडली तरी हा कागद ती मोडण्याआधी अस्तित्वात होता, एवढं सिद्ध करता येतं. हे काम यंत्र येण्याआधीच करावं लागतं, नंतर केलं तर त्याला काही किंमत नाही. म्हणून ज्या कचेऱ्यांकडे असे दीर्घ मुदतीचे कागद आहेत, त्यांनी कोणत्या कागदावर कोणत्या पद्धतीची सही आहे आणि तो किती वर्षं ग्राह्य राहायला हवा, याची यादी आताच करायला घ्यायला हवी.